पांढरा केस ताठ का होतो, आणि त्याला मऊ कसं करायचं

फणीत अडकलेल्या केसांमध्ये कधी कधी असा एक केस सापडतो, जो टोकाकडे काळा आणि मुळाकडे पांढरा असतो. तो अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हळूहळू ओढून पाहावा. काळा भाग बोटांतून सहज निसटतो. पांढरा भाग सुरू झाला की पुष्कळदा बोटांना बारीक खडबड जाणवते, आणि केस सरळ न राहता मध्येच एखादा बाक घेतो. केस एकच आणि डोकंही एकच, पण वरचा भाग काही महिन्यांपूर्वी उगवलेला आणि खालचा अलीकडचा. चाळिशी-पन्नाशीत कानशिलांवर आणि भांगेच्या दोन्ही बाजूंना जे केस ‘ऐकेनासे’ होतात, त्यांचं मूळ या फरकात आहे.

केसाला काळा रंग देणारं मेलॅनिन त्याच्या मुळाशी असलेल्या पेशी तयार करतात. या पेशींचा साठा संपत आला की नवा केस रंगाविना बाहेर पडतो. एवढ्यावरून रंग गेला म्हणून केस राठ झाला, असं अनेकजण धरून चालतात. संशोधन मात्र इतकं सरळ उत्तर देत नाही. बेल्जियममधल्या एका संशोधकाने 2004 मध्ये बायकांच्या डोक्यावरचे पांढरे आणि रंगीत केस शेजारीशेजारी तपासले. पांढरे केस सरासरीने जाड निघाले, त्यांच्या मधला गाभा जास्त ठळक होता आणि ते वाढतही जास्त वेगाने होते. काही जणांच्या बाबतीत मात्र पांढरा केस उलट बारीक आणि मऊ असतो. त्यामुळे ‘पांढरा म्हणजे ताठ’ हा नियम नव्हे. तो कल आहे, आणि तो प्रत्येक डोक्यावर सारखा दिसत नाही.

त्याच सुमारास वयाचा परिणामही सुरू झालेला असतो. बायकांच्या केसांची जाडी साधारण चाळिशीनंतर एकूणच कमी होऊ लागते. म्हणजे डोक्यावर एकीकडे जुने काळे केस बारीक होत जातात आणि त्यांच्याच मध्ये काही पांढरे केस जाड आणि ताठ उगवतात. जपानी बायकांच्या केसांवर झालेल्या अभ्यासात असंही दिसलं की वयाबरोबर केसांचे बाक अनियमित होतात आणि शेजारचे केस एका दिशेने वळेनासे होतात. सगळे केस एकसारखे कुरळे असते, तर त्यांची छान बट पडली असती. दहा केस एका बाजूला आणि अकरावा भलत्याच बाजूला गेला की तो वर उभा राहतो. पांढरा असल्यामुळे तो काळ्या केसांवर चटकन दिसतोही.

तिसरं कारण तेलाचं. टाळूतल्या ग्रंथींमधून झिरपणारा तेलकट थर केसाला गुळगुळीत ठेवतो. रजोनिवृत्तीनंतर बायकांमध्ये तो कमी होतो. पुरुषांमध्ये तो बऱ्याच उशिरापर्यंत टिकून राहतो. तेल कमी झालं की केसाचं बाहेरचं आवरण कोरडं पडतं. हे आवरण कौलारू छपरासारखं असतं, एकावर एक चढलेल्या पातळ खवल्यांचं, मुळाकडून टोकाकडे उतरत गेलेलं. खवले नीट बसलेले असतील तर केस चमकतो आणि हाताला गुळगुळीत लागतो. कडा उचलल्या गेल्या की शेजारचे केस त्यांना अडकतात, विंचरताना करकर आवाज येतो आणि केस भरभरीत वाटतात.

या कडा उचलण्याचं काम वयापेक्षाही पुष्कळदा आपण स्वतः करतो. कायमचा डाय लावताना त्यातला अल्कधर्मी भाग खवले उघडतो आणि पेरॉक्साइड आत शिरतं. दर महिन्याला सगळ्या केसांवर, अगदी टोकांपर्यंत डाय लावणाऱ्या बाईचे खालचे केस वर्षभरात दहा-बारा वेळा या प्रक्रियेतून गेलेले असतात. तिला जो राठपणा जाणवतो, त्यात पांढऱ्या रंगाचा वाटा थोडा आणि डायचा मोठा असू शकतो. ओळखायची खूण सोपी आहे. मुळाजवळचे दोन-तीन सेंटिमीटर केस मऊ आणि खालचे कोरडे असतील, तर दोष बाहेरून झालेल्या माऱ्याचा. मुळापासूनच ताठ असतील, तर केसच तसा उगवतो आहे.

मेंदीबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण पांढऱ्या केसांवर ती ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्तपणे लावली जाते. मेंदीतलं रंगद्रव्य केसांमधल्या केराटिनला घट्ट चिकटतं. वर्षानुवर्षं थरावर थर चढले की आधीच ताठ असलेला केस आणखी ताठ होतो. त्यात लिंबाचा रस पिळून ती चार-पाच तास डोक्यावर सुकू दिली की कोरडेपणा वाढतो. ज्यांना मेंदी सोडायची नाही त्यांनी ती फक्त नव्या वाढीवर लावावी आणि सुकू देऊ नये. ‘काळी मेंदी’ ही तर वेगळीच गोष्ट आहे. तिच्यात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते.

पाण्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसतात. साबणाला फेस येत नसेल, बादलीवर आणि नळावर पांढरा थर साचत असेल, तर तोच थर केसांवरही बसतो आहे असं धरावं. अशा घरात महिन्यातून एक-दोनदा ‘चेलेटिंग’ किंवा ‘क्लॅरिफाइंग’ लिहिलेला, घटकांच्या यादीत ‘ईडीटीए’ असलेला शाम्पू वापरता येतो. शेवटचं पाणी ओतायला पिण्याच्या पाण्याची एक तांब्याभर सोय झाली, तरी फरक हाताला कळतो.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. केसांचा पोत दोन-चार महिन्यांत, सगळ्या डोक्यावर एकदम बदलला, सोबत थकवा, वजनवाढ, थंडी सहन न होणं, त्वचा कोरडी पडणं अशा तक्रारी असल्या, तर आधी थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. थायरॉइड मंदावला की केस असेच राठ आणि कोरडे होतात, आणि कुठल्याही सीरमने ते सुधारत नाहीत.

आता उपायांकडे. पहिला उपाय आपल्याच घरातला आहे, आणि त्यावरचं महत्त्वाचं संशोधन मुंबईत झालं. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल अशी तीन तेलं केसांवर तपासली. धुण्यामुळे केसांतून प्रथिनं निघून जातात. ती गळती लक्षणीयरीत्या कमी केली फक्त खोबरेल तेलाने, तेही चांगल्या आणि खराब झालेल्या, दोन्ही प्रकारच्या केसांत. हे दोघंही खोबरेल तेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतले संशोधक होते, हे लक्षात ठेवायला हवं. तरी त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे तो केसाच्या आत शिरतो. आत तेल असलं की धुताना केस कमी पाणी पितो, कमी फुगतो आणि खवले कमी उचलले जातात.

म्हणून तेल न्हाण्याच्या आधी लावण्याला अर्थ आहे. न्हाऊन झाल्यावर वरून चोपडलेलं तेल ताठ पांढऱ्या केसांना तात्पुरतं दाबून ठेवतं, पण केस चिकट दिसतात आणि धूळ धरतात. आणखी एक बारकावा असा की ज्यांच्या टाळूला कोंडा आहे त्यांनी तेल टाळूला न लावता केवळ केसांच्या लांबीवर लावावं. टाळूवरच्या तेलावर कोंड्याची बुरशी पोसली जाते. केस पांढरेशुभ्र असतील तर हिरवट किंवा तांबूस रंगाची जडीबुटीची तेलंही टाळावीत, कारण त्यांचा डाग पांढऱ्या केसांवर बसू शकतो.

हे सगळं एका माणसावर कसं दिसतं ते पाहू. समजा, चोपन्न वर्षांच्या एका बाईंचे केस खांद्याखाली चार बोटं आहेत. पुढचे आणि कानशिलांचे केस जवळजवळ पूर्ण पांढरे आणि ताठ, मागचे बहुतेक काळे आणि बारीक. डाय त्यांनी सहा महिन्यांपूर्वी सोडला आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे त्यांची नवी वाढ सहा सेंटिमीटर झालेली आहे. नेमकी हीच लांबी सगळ्यात हट्टी असते, कारण केस ताठ आहेत पण स्वतःच्या वजनाने खाली पडण्याइतके लांब नाहीत.

या बाईंनी रविवारी न्हायचं ठरवलं, तर शनिवारी रात्री दोन चमचे कोमट खोबरेल तेल पुरे. ते कानाच्या पातळीपासून टोकांपर्यंत लावायचं आणि तळहातावर जे उरेल ते पुढच्या ताठ केसांवर फिरवायचं. सकाळी शाम्पू फक्त टाळूला. खाली वाहत जाणारा फेस लांबीला पुरतो. अंगाचा साबण केसांना लावायचा नाही, कारण त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो आणि तो खवले उघडतो. शिकेकाई त्या मानाने सौम्य आहे, पण तिची भरड पूड केसांवर घासली तर कोरडे केस तुटतात. ती उकळून गाळलेल्या पाण्याने वापरावी.

मग कंडिशनर, आणि याच ठिकाणी बहुतेकजण हात आखडता घेतात. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधले रेणू धनभाराचे असतात. त्यामुळे जिथे केस जास्त खराब, तिथेच ते आपसूक जास्त चिकटतात. या लांबीला दोन चमचे कंडिशनर लागतं. ते मधल्या भागापासून टोकांपर्यंत, आणि पुढच्या पांढऱ्या पट्ट्यावर मुळापासून एक बोट सोडून लावायचं. ते डोक्यावर असतानाच रुंद दातांच्या फणीने आधी टोकं, मग मधला भाग, मग वरचा, असं खालून वर सोडवत जायचं. तीन मिनिटांनी धुवायचं, पण केस ‘कचकचीत स्वच्छ’ लागेपर्यंत नाही. बोटांना थोडा निसरडेपणा जाणवत असतानाच थांबायचं.

यापुढची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची, कारण केसांचा आकार ते सुकताना ठरतो. केस भिजला की त्याच्या आतले हायड्रोजनचे कमजोर बंध सुटतात, आणि सुकताना केस ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत ते पुन्हा जुळतात. काळे मऊ केस कसेही सुकले तरी फारसं बिघडत नाही. ताठ पांढरे केस मात्र पंख्याखाली उभे सुकले तर उभेच राहतात. मग दुपारभर त्यांच्यावरून फणी फिरवली तरी ते बसत नाहीत.

म्हणून टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. जुन्या सुती साडीचा तुकडा किंवा पंचा घेऊन केस त्यात दाबायचे. ओल्या केसांवर मटारच्या दाण्याएवढं लीव्ह-इन क्रीम तळहातावर पसरून टोकांकडून वर लावायचं. हेअर ड्रायर असेल तर सुरुवात पुढच्या केसांपासून. बहुतेकजणी मागून सुरू करतात आणि पुढे येईपर्यंत ताठ केस आपल्या मर्जीने सुकून गेलेले असतात. ड्रायरला चपट्या तोंडाचं नोझल लावायचं, उष्णता मध्यम ठेवायची, आणि अंतर एक वीत तरी असावं. एका वेळी दोन बोटं रुंदीची बट ब्रशवर हलकी ताणून धरायची आणि हवा नेहमी मुळाकडून टोकाकडे सोडायची, म्हणजे खवले ज्या दिशेने बसतात त्याच दिशेने. हवा खालून वर गेली की केस पिंजारतात. मुळं हाताला गार लागत असतील तर ती अजून ओली आहेत असं समजावं, आणि तिथे अर्धवट थांबल्यास तासाभरात केस उठतात. बट पूर्ण सुकली की ताण तसाच ठेवून दहा सेकंद थंड हवेचं बटण दाबायचं, म्हणजे आकार धरून राहतो.

ड्रायर नको असेल तर केस थोडेसेच दमट उरेपर्यंत वाट पाहावी. मग भांग पाडून ते डोक्याभोवती सपाट गुंडाळावेत, चार-पाच पिना लावाव्यात आणि वरून मऊ ओढणी अर्धा-पाऊण तास बांधावी. लांब केसांची सैल वेणी घालूनही हेच साधतं. ओलेगच्च केस घट्ट अंबाड्यात कोंबणं मात्र टाळावं. आतले केस तासन् तास सुकत नाहीत, आणि ओला केस ताणला की चटकन तुटतो.

सुकलेल्या केसांवर शेवटी सिलिकॉनचं सीरम एक-दोन थेंब. यादीत ‘डायमेथिकोन’ दिसलं की ते हेच. ते केसावर पातळ थर देतं आणि शेजारचे केस एकमेकांवरून घसरू लागतात. भांगेजवळ उभे राहणारे दोन-तीन सेंटिमीटरचे केस तळहाताने बसत नाहीत. त्यांच्यासाठी जुन्या मऊ टूथब्रशवर एक थेंब सीरम किंवा थोडी जेल घेऊन ते भांगेपासून बाहेर, एकाच दिशेला दाबत न्यावेत. ते उपटू नयेत. एक उपटला की दहा येतात हे खरं नाही, पण उपटलेल्या जागी पुन्हा पांढराच केस येतो. वारंवार उपटल्यास केसाचं मूळ दुखावतं आणि नवा केस वेडावाकडा येऊ शकतो.

पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात हे सगळं करूनही केस फुलतात. हवेतलं बाष्प केसांत शिरतं आणि जुळलेले बंध पुन्हा सुटतात. या दिवसांत ग्लिसरीन जास्त असलेली क्रीमं कमी वापरावीत, कारण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. सिलिकॉनचा थर इथे जास्त कामाचा. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र हेच सीरम नुसतं वापरून भागत नाही. तिथे क्रीमचं प्रमाण वाढवावं लागतं.

इस्त्रीची, म्हणजे स्ट्रेटनरची गोष्ट वेगळी. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसल्यामुळे त्याला उन्हापासून रंगाचं संरक्षण नाही, आणि जास्त उष्णतेने तो पिवळा पडतो. काळ्या केसालाही उष्णतेची इजा होते, पण दिसत नाही. पांढरा केस ती लगेच दाखवतो. वापरायचाच असेल तर केस शंभर टक्के सुकल्यावर, 150 अंशांच्या आसपास आणि एका बटेवरून एकदाच. केस ओलसर असताना इस्त्री फिरवली तर आतलं पाणी उकळून केसात बुडबुडे होतात आणि केस तिथून मोडतो. पिवळेपणा आलाच तर जांभळा शाम्पू आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटं लावावा. जांभळा रंग पिवळ्याला मारतो. रोज वापरला तर केसांवर फिकट जांभळी झाक येते, आणि तो कोरडेपणाही वाढवू शकतो. टोकं खरोखर जळली असतील तर मात्र ती कापण्यावाचून इलाज नसतो.

पार्लरमध्ये ताठ पांढरे केस पाहिले की ‘केराटिन’ किंवा ‘स्मूदनिंग’ करून घ्या, असा आग्रह होतो. त्यातल्या काही द्रव्यांमधून तापल्यावर फॉर्माल्डिहाइड निघतो. ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ म्हणून आलेल्या अनेक क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 2024 साली एका तरुणीची नोंद प्रसिद्ध झाली. असं क्रीम वापरून केस सरळ केल्यानंतर प्रत्येक वेळी, म्हणजे एकूण तीनदा, तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. हा धोका सगळ्यांना आहे असं म्हणता येत नाही, पण मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. शिवाय ही प्रक्रिया पांढऱ्या केसांना पिवळट करू शकते. ज्यांनी शुभ्र केस राखायचं ठरवलंय, त्यांना एवढं कारणही पुरे आहे.

त्या पैशांत चांगली कापणी जास्त उपयोगी पडते. केस कापायला बसताना दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. वरच्या बाजूला आखूड लेयर्स नकोत, कारण आखूड केला की ताठ केस उठतो. लांब असेल तर वजनाने बसतो. आणि ‘केस खूप फुलतात, हलके करून देते’ म्हणत दातेरी कात्री घेतली तर ‘नको’ म्हणावं. त्या कात्रीने मधले मधले केस आखूड होतात आणि महिन्याभरात तेच पांढरे टोकदार केस वरच्या थरातून बाहेर डोकावू लागतात. चोपन्न वर्षांच्या आपल्या बाईंसाठी हनुवटीच्या थोडं खाली, कडा सरळ ठेवलेला कट सोयीचा. त्यात डायचे जुने शेंडे बरेचसे निघून जातात. भांग नेहमीच्या जागेवरून बोटभर बाजूला सरकवला तर पांढऱ्या वाढीची आखीव रेघ मोडते आणि वरचे केस मुळांवर आडवे पडून ती झाकतात. दर आठ-दहा आठवड्यांनी टोकं थोडी कापत राहिल्यास उरलेला डाय हळूहळू निघून जातो.

पुरुषांच्या दाढी-मिशांनाही हेच लागू, फक्त तिथले केस मुळातच जाड असल्याने तेल रात्री न लावता आंघोळीआधी अर्धा तास लावलं तरी चालतं. आंघोळीनंतर दाढी दमट असतानाच बारीक फणीने खालच्या दिशेने विंचरून सुकू द्यावी आणि टोकाकडून बाहेर आलेले पांढरे केस कात्रीने एकेक करून कापावेत.